दोन अक्षरांमधली जागा

विमानाच्या अंगावर रंगवलेले कंपनीचे नाव आणि त्याच कंपनीच्या पावतीच्या कोपऱ्यात छापलेले नाव ही एकच आकृती आहे, असे आपण धरून चालतो. कंपन्यांच्या नियमपुस्तिकाही तेच बजावतात: नाममुद्रा लहान-मोठी करावी, पण तिच्या प्रमाणाला हात लावू नये. नाममुद्रा म्हणजे चित्राचा आधार न घेता केवळ अक्षरांनी बनलेले बोधचिन्ह. इंग्रजीत त्याला वर्डमार्क म्हणतात. प्रमाण न बदलण्याचा हा नियम इतका स्वाभाविक वाटतो की तो फार जुना असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो अगदी अलीकडचा आहे. छपाईच्या इतिहासाचा बहुतेक काळ या कामातल्या लोकांनी नेमके याच्या उलट केले. अक्षर लहान करायचे म्हणजे ते नव्याने घडवायचे, असाच त्यांचा रिवाज होता. नावाची ओळख सगळ्या आकारांत टिकवायची असेल तर त्याचे रेखाटन बदलावे लागते, हे या लेखाचे म्हणणे आहे आणि त्याचा पुरावा दोन अक्षरांमधल्या रिकाम्या जागेत सापडतो.

मी कलाशाळेची पायरी चढलेलो नाही. जुने खिळे, नमुन्यांची पुस्तके, पावत्या आणि वेष्टने गोळा करून भिंगाखाली पाहत बसणे, एवढेच माझे शिक्षण. त्यामुळे सुरुवात खिळ्यापासून करतो.

शिशाचा खिळा ओतण्याआधी पोलादाच्या लहान दांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरले जाई. ही दांडी म्हणजे पंच. ती कडक करून तांब्यावर ठोकली की साचा तयार होई आणि त्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा मिश्रधातू ओतून खिळे निघत. बारा पॉइंटांचा पंच बारा पॉइंटांपुरताच. सहा पॉइंटांचे अक्षर हवे असेल तर सहा पॉइंटांचा दुसरा पंच कोरावा लागे. कोरताना कारागीर पंच ज्योतीवर धरी, टोकावर काजळी बसली की कागदावर त्याचा ठसा घेई आणि तो डोळ्यांनी पारखी. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही पारख अक्षराच्या खऱ्या आकारात होत असे. वाचक जे पाहणार, तेच कारागीर पाहत होता.

अशा पारखीतून एक गोष्ट आपोआप घडत गेली. लहान अक्षरे मोठ्यांच्या मानाने रुंद झाली, त्यांच्या बारीक रेषा जाड झाल्या, पोटातल्या पोकळ्या मोकळ्या झाल्या आणि दोन अक्षरांमधली जागा वाढली. मोठ्या आकारात उलटे झाले: रेषा नाजूक, अक्षरे एकमेकांना लगटून. इंग्रज मुद्रणतज्ज्ञ हॅरी कार्टर यांनी १९३७ मध्ये ‘टायपोग्राफी’ या नियतकालिकात या रिवाजावर एक निबंध लिहिला. आकार बदलला की डोळ्याला तेच अक्षर वाटावे म्हणून घडण बदलावी लागते, हे त्यांनी त्यात मांडले. कर्निंग हा शब्दही याच धातूच्या जगातला. ‘कर्न’ म्हणजे अक्षराचा खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारा भाग, जो शेजारच्या खिळ्याच्या खांद्यावर टेकत असे. आज दोन विशिष्ट अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करण्याला आपण कर्निंग म्हणतो. सगळ्या शब्दाचे अंतर सारखेच वाढवले किंवा घटवले तर ते अक्षरांतर.

मुंबईतही रिवाज हाच होता. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर टाइप फाउंड्रीसाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे पंच कोरले. काना, मात्रा, वेलांटी आणि शिरोरेषा सांभाळून तेच अक्षर निरनिराळ्या आकारांत पुन्हा पुन्हा कोरायचे, हे काम नकला काढण्याचे नव्हते. प्रत्येक आकारात किती जागा सोडायची, हा निर्णय दरवेळी नव्याने घ्यावा लागत होता.

ही साखळी दोन टप्प्यांत तुटली. अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यांनी १८८५ मध्ये पंच कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्या यंत्राने एका मोठ्या नमुन्यावरून लहान-मोठे पंच कोरता येऊ लागले. तरी जाणते कारखाने आकारागणिक नमुना बदलत राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटो-जुळणी आली आणि एकाच फिल्मवरची अक्षरे भिंगातून हव्या त्या आकारात पाडता येऊ लागली. संगणकाने तर आकार हा फक्त एक आकडा करून टाकला. मोठ्या कंपन्यांच्या नियमपुस्तिका लिहिल्या गेल्या त्या याच काळात. ‘एक आकृती, सर्व आकार’ हा नियम यंत्राच्या सोयीतून आला; डोळ्याच्या पारखीतून आला नाही.

आता डोळ्याकडे वळू. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. कागद चाळीस सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर सुमारे ०.१२ मिलिमीटर भरते. त्याहून अरुंद पांढरी फट काळ्यात मिसळते. म्हणून लहान आकारात आधी अक्षरांमधल्या फटी आणि पोटातल्या पोकळ्या बुजतात, आणि शब्द डागासारखा दिसू लागतो. मोठ्या आकारात दोष निराळा असतो. तिथे फटी इतक्या स्पष्ट दिसतात की त्यांना स्वतःचा आकार येतो. दोन उभ्या दांड्यांमध्ये जेवढे अंतर असते तेवढेच दोन गोल अक्षरांमध्ये ठेवले, तर गोलांच्या वर आणि खाली पांढऱ्याचे त्रिकोण साचतात व ती जोडी दूर पडल्यासारखी वाटते. म्हणून उभ्याशेजारी उभे असेल तर सर्वांत जास्त अंतर, उभ्याशेजारी गोल असेल तर कमी आणि गोलाशेजारी गोल असेल तर सर्वांत कमी, अशी चाल पडली. पट्टीने मोजलेले समान अंतर डोळ्याला समान दिसत नाही. डोळा अंतर मोजत नाही, तो पांढऱ्याचे क्षेत्र तोलतो.

हे सगळे एका नाममुद्रेत एकत्र पाहायचे असेल तर फेडेक्सचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतल्या फेडरल एक्सप्रेस या कुरिअर कंपनीने १९९४ मध्ये हे आखूड नाव घेतले. लँडर असोसिएट्समध्ये काम करणारे लिंडन लीडर यांनी ‘युनिव्हर्स’ आणि ‘फ्यूचरा’ या दोन अक्षरवळणांचे गुण एकत्र करून अक्षरे नव्याने रेखाटली. या नाममुद्रेतली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे मोठा ई आणि लहान एक्स यांच्या मधला पांढरा बाण. ईच्या मधल्या व खालच्या आडव्या पट्ट्यांमधली जागा हा बाणाचा दांडा आणि एक्सच्या डाव्या अंगाचा त्रिकोण हे त्याचे टोक. लीडर यांनी लहान अक्षरांची उंची वाढवली, त्यामुळे एक्स ईच्या मधल्या पट्टीशी जुळला आणि बाण नीट बसला. बाण कुठे काढलेला नाही, तो अक्षरांच्या मांडणीतून उरला आहे. म्हणजे इथे दोन अक्षरांमधली जागा हाच चिन्हाचा आशय आहे. ई आणि एक्स थोडे दूर गेले तर बाणाच्या कोपऱ्यांतून पांढरे बाहेर सांडते. जास्त जवळ आले तर टोक खुडले जाते.

बाकीच्या जोड्याही पाहण्यासारख्या आहेत. एफच्या आडव्या हातांखाली मोकळी जागा आहे, म्हणून त्याच्या शेजारचा ई जवळ सरकवावा लागतो, नाहीतर पहिले अक्षर वेगळे पडते. लहान ई आणि डी यांच्या गोलाया समोरासमोर येतात. डीची उभी दांडी आणि मोठ्या ईची उभी दांडी मात्र अगदी शेजारी येतात. रंगीत नाममुद्रेत डी जांभळा आणि ई नारिंगी आहे, त्यामुळे दोन दांड्यांची सीमा रंग सांभाळतो. तेच नाव एका रंगात छापले तर हा आधार जातो. म्हणून अशी नाममुद्रा पारखताना रंगीत प्रतीवर समाधान मानू नये. एकरंगी प्रत घेऊन आधी याच जोडीवर नजर ठेवावी.

आता थोडे गणित. समजा, मोठ्या अक्षराच्या उंचीच्या एक-दशांश एवढी बाणाच्या दांड्याची जाडी आहे. हा भाग मी सोयीसाठी धरला आहे. नाव पावतीवर २ मिलिमीटर उंच छापले तर दांडा ०.२ मिलिमीटरचा होईल. डोळ्याची मर्यादा ०.१२ आहे, तेव्हा डोळ्याला तो कसाबसा दिसायला हवा. पण पावतीचे यंत्र मध्ये येते. लेबल छापणारी उष्णतेवरची साधी यंत्रे दर इंचाला २०३ ठिपके टाकतात, म्हणजे मिलिमीटरला आठ. दांड्याच्या वाट्याला १.६ ठिपके येतात. दीड ठिपका यंत्राला टाकता येत नाही. ते एक टाकील किंवा दोन. एका पावतीवर बाण बारीक येईल, दुसरीवर जाडा, आणि ईच्या तीन पट्ट्यांमधल्या दोन जागा असमान दिसतील. अक्षर १ मिलिमीटरवर आणले तर दांडा ०.१ मिलिमीटरचा होतो. मग यंत्र आणि डोळा दोघांच्याही हातून तो सुटतो.

आता हेच नाव विमानावर दोन मीटर उंच रंगवले आहे असे धरा. दांडा २० सेंटिमीटरचा. तीनशे मीटरवरून डोळ्याची मर्यादा सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे बाण दिसेल. एक किलोमीटरवरून ती मर्यादा २९ सेंटिमीटर होते आणि बाण बुजतो. तिथून ते दोन मीटरचे अक्षर हातातल्या कागदावरच्या ०.८ मिलिमीटरच्या अक्षराएवढेच भासते. विमानाखाली पाच मीटरवर उभ्या असलेल्या कामगाराला मात्र तेच अक्षर हातातल्या कागदावरच्या १६ सेंटिमीटरच्या अक्षरासारखे दिसते आणि दोन अक्षरांमधली प्रत्येक खोट त्याच्या नजरेत भरते. म्हणजे ‘मोठे’ आणि ‘लहान’ हे भिंतीवर किंवा कागदावर ठरत नाही. ते पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरते. महामार्गावरचा अवाढव्य फलक दुरून येणाऱ्याच्या डोळ्यात बहुतेक वेळ लहान अक्षरच असतो.

यातून पारखण्याची एक सोपी रीत निघते. नाव जिथे जिथे लागणार आहे त्या जागांची यादी करावी. प्रत्येक ठिकाणी अक्षराची उंची किती आणि पाहणारा किती अंतरावर, हे लिहावे. उंचीला अंतराने भागून चाळीस सेंटिमीटरने गुणले की हातातल्या कागदावरचा समतुल्य आकार मिळतो. त्या त्या आकारात नाव छापून भिंतीला लावावे, मगच पाहावे. पडद्यावर मोठे करून केलेली पारख इथे फसवते, कारण पडद्यावर बसलेला माणूस नेहमी एकाच मधल्या आकाराला पाहत असतो. काजळीचा ठसा घेणाऱ्या कारागिराने ही चूक केली नसती.

पाहताना काय शोधायचे? शब्द उलटा धरला तर वाचण्याची सवय बाजूला पडते आणि फक्त काळ्या-पांढऱ्याचा पट दिसतो. डोळे किलकिले केले की जिथे अक्षरे फार जवळ आहेत तिथे काळा डाग दिसतो आणि जिथे फार दूर आहेत तिथे पांढरे भोक. मग तीन-तीन अक्षरे उघडी ठेवून बाकीची कागदाने झाकावीत. मधले अक्षर दोन्ही बाजूंना सारखे तोललेले वाटते का ते पाहावे, आणि एकेक अक्षर पुढे सरकत जावे. शेवटी काळ्यावर पांढरे करून पाहावे. उजळ अक्षर मागच्या अंधारात थोडे पसरते, म्हणून रात्री आतून प्रकाशणाऱ्या पाटीवर अक्षरे जवळ येतात आणि दिवसा ठीक वाटणाऱ्या फटी उजेड खाऊन टाकतो. अशा पाटीला थोडे जास्त अक्षरांतर आणि थोडी सडपातळ अक्षरे लागतात.

लहानासाठी केलेले रेखाटन मोठे केले तर काय होते, याचा नमुना हॅरी कार्टर यांचे चिरंजीव मॅथ्यू कार्टर यांच्या कामात मिळतो. एटी अँड टी कंपनीच्या टेलिफोन निर्देशिकेसाठी त्यांनी केलेले ‘बेल सेंटेनियल’ हे वळण १९७८ मध्ये आले. हलक्या कागदावर सहा पॉइंटांचा मजकूर, शाई पसरणारच. म्हणून कार्टर यांनी दोन रेषा मिळतात तिथे मुद्दाम खाचा ठेवल्या, म्हणजे शाई त्यांत भरेल आणि अक्षर नीट दिसेल. निर्देशिकेत ते स्वच्छ वाचता येते. तेच अक्षर हातभर मोठे केले तर सांधे उंदराने कुरतडल्यासारखे दिसतात. यात चूक कोणाचीच नाही. ते रेखाटन त्या आकाराचे नव्हे, एवढेच.

पडद्याच्या जगात लहान आकाराचा प्रश्न आणखी कठोर झाला, कारण पिक्सेलचा अर्धा भाग करता येत नाही. रंगाच्या छटांनी तो झाकता येतो, पण मग कडा धुरकट होतात. गूगलने मे २०१४ मध्ये आपल्या नाममुद्रेत इतका लहान बदल केला की बहुतेकांच्या लक्षातही आला नाही. लहान जी एक पिक्सेल उजवीकडे सरकला आणि एल एक पिक्सेल उजवीकडे व एक खाली आला. त्यामुळे एलचा पाया शेजारच्या ईच्या पायाशी जुळला. त्या वेळी मुखपृष्ठावरचे नाव सुमारे २७० पिक्सेल रुंद होते. तेच २७ मीटर रुंद भिंतीवर रंगवले असते तर तो एक पिक्सेल दहा सेंटिमीटरांचा झाला असता. भिंतीवर ही चूक जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसली असती. पडद्यावर ती जाणवते, पण नेमके काय चुकले ते सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१५ मध्ये, या कंपनीने टोकांना फराटे असलेली जुनी अक्षरे सोडून साधी भौमितिक अक्षरे घेतली आणि अगदी लहान जागेसाठी पूर्ण नावाऐवजी एकटा चाररंगी जी ठेवला. हाही पारखीचाच निष्कर्ष मानला पाहिजे. जागा वाढवून, पोकळ्या उघडून, रेषा जाड करून एका मर्यादेपर्यंत शब्द वाचवता येतो. त्या मर्यादेखाली शब्द ठेवण्याचा हट्ट केला तर उरतो तो डाग.

देवनागरीत हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे त्यांच्यातले अंतर वाढवले की फक्त पांढरे वाढते. आपल्या अक्षरांना शिरोरेषा बांधून ठेवते. संगणकावर अंतर नुसते वाढवले तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अनेक दुकानांच्या पाट्यांवर हे रोज दिसते. शिरोरेषा लांबवून जोडली तर अक्षरे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात. म्हणून जागेचा तोल शिरोरेषेच्या खाली, दांड्या आणि गोलाया यांच्यात साधावा लागतो.

या अंकाच्या निमित्ताने ‘दिवाळी’ हाच शब्द घेऊ. पहिल्या वेलांटीची दांडी डावीकडे उभी आहे आणि तिची कमान द वर झुकलेली आहे. द शिरोरेषेला मधोमध लटकतो, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरे साचते. पुढे व ची दांडी आणि लगेच काना, म्हणजे दोन उभ्या दांड्या शेजारी शेजारी. मग ळ, दोन गोलायांचे रुंद अक्षर, आणि शेवटी दुसऱ्या वेलांटीची दांडी. हा शब्द लहान केला तर आधी व ची दांडी आणि काना एकत्र होऊन एक जाड काठी बनते, ळ ची पोटे भरतात आणि वेलांट्यांच्या कमानी शिरोरेषेला चिकटतात. मोठा केला तर उलट, द भोवतीचे पांढरे भोक उघडे पडते आणि ळ एकटा पडल्यासारखा वाटतो. म्हणून लहान प्रतीत व आणि काना यांच्यात जागा वाढवावी, शिरोरेषा किंचित सडपातळ करावी, ळ ची पोटे उघडावीत, कमानी उंच घ्याव्यात. मोठ्या प्रतीत द ला शेजाऱ्यांजवळ आणावे आणि ळ कान्याकडे सरकवावा. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या तर त्या वेगळ्या दिसतील. आपापल्या अंतरावरून पाहिल्या तर दोन्हींत एकच शब्द, एकाच हाताचा, दिसेल.

अलीकडच्या तंत्राने हे पुन्हा शक्य केले आहे. २०१६ पासून आलेल्या बदलत्या फॉन्टमध्ये आकारानुसार घडण बदलण्याची सोय ठेवलेली आहे, म्हणजे शिशाच्या काळातला रिवाज संगणकात परत आला आहे. पण नाममुद्रा बहुधा फॉन्टमधून येत नाही, ती गोठवलेल्या चित्रासारखी जपली जाते. म्हणून तिच्यासाठी हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. नियमपुस्तिकेत एका आकृतीऐवजी तीन असाव्यात: हातातल्या कागदासाठी एक, अगदी लहान जागेसाठी एक आणि जवळून पाहायच्या मोठ्या भिंतीसाठी एक. प्रत्येकीखाली एकच ओळ पुरे: ही आकृती हाताच्या अंतरावर किती मिलिमीटरपासून किती मिलिमीटरपर्यंत दिसणाऱ्या अक्षरासाठी आहे.